कीवेचा तक्ता कसा वाचावा?

शाफ्टवर पुली बसवायची तर दोघांमध्ये की लागते. तिच्यासाठी कीवे किती रुंद आणि किती खोल कापायचा, ते शाफ्टच्या व्यासावरून तक्त्यात सापडतं.

आपला शाफ्ट ३८ मिलिमीटरचा आहे असं धरू. समांतर कीच्या तक्त्यात एक ओळ ‘३० च्या वर, ३८ पर्यंत’ अशी असते आणि पुढची ‘३८ च्या वर, ४४ पर्यंत’. ३८ नेमका पहिल्या ओळीत येतो, कारण ‘पर्यंत’मध्ये तो आकडा धरलेला असतो. त्या ओळीत की १० रुंद, ८ उंच. म्हणजे कीवेची रुंदी १०. शाफ्टमधली खोली ५ आणि पुलीच्या हबमधली ३.३. दोन्हींची बेरीज ८.३ होते. कीच्या डोक्यावर उरलेली ही ०.३ ची फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण ही की जोर पेलते ती बाजूंनी.

आता मोजमाप. ५ ही खोली शाफ्टच्या मूळ गोलाईच्या माथ्यापासून आहे. कीवे कापला की तो माथाच निघून जातो आणि कडा सुमारे ०.६७ ने खाली राहतात. कडेपासून ५ मोजलेत, तर कीवे तेवढाच जास्त खोल जाईल. म्हणून व्हर्नियरने कीवेच्या तळापासून शाफ्टच्या समोरच्या बाजूपर्यंत मोजा. ३८ वजा ५, म्हणजे ३३ आलं पाहिजे. हबमध्ये हेच माप ४१.३ येतं. ड्रॉइंगवर हेच दोन आकडे लिहा आणि टॉलरन्स तक्त्यातूनच घ्या.