टिपणांपासून परीक्षण-अहवालापर्यंत

शोधनिबंध तपासणारा परीक्षक वाचता वाचता समासात जी टिपणे काढतो, ती पानांच्या क्रमाने येतात. पहिल्या पानावरची शंका वर असते आणि शेवटच्या तक्त्यातली चूक खाली. संपादकाला आणि लेखकांना मात्र दुसराच क्रम हवा असतो: निबंधाचा निष्कर्ष कशाने ढासळू शकतो ते आधी आणि नुसती दुरुस्ती पुरेल असे नंतर. टिपणांचा अहवाल करताना मुख्य काम असते ते हा क्रम बदलण्याचे. भाषा नीट करणे त्यामानाने सोपे.

उदाहरणासाठी एक काल्पनिक निबंध घेऊ. विषय मुंबईच्या उपनगरांतला आहे. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड या चार भागांतील रुग्णालयांत पावसाळ्यात दाखल झालेल्या लेप्टोस्पायरोसिसच्या रुग्णांची रोजची संख्या लेखकांनी जमवली आणि ती सांताक्रूझ वेधशाळेच्या रोजच्या पावसाशी ताडून पाहिली. जास्त पावसाच्या दिवशी रुग्णही जास्त, असे त्यांना आढळले. म्हणून पावसाचा अंदाज पाहून रुग्णालयांनी त्या दिवसासाठी खाटा राखून ठेवाव्यात, असे त्यांनी सुचवले.

परीक्षकाची टिपणे अशी आहेत: ‘सांताक्रूझच का? मुलुंडचं काय?’ ‘त्याच दिवशी?? अशक्य.’ ‘तक्ता 2, बेरीज चुकली.’ ‘रक्ततपासणी एकदाच.’ ‘आकृती 3, एकक नाही.’ ‘इंग्रजी कच्चं.’ ‘लेखकांना साथरोग कळत नाहीत.’

अहवालाचा पहिला भाग म्हणजे सारांश. निबंध मिटून ठेवून, लेखकांच्या गोषवाऱ्यातले एकही वाक्य न उचलता, तो चार-पाच वाक्यांत लिहावा: प्रश्न कोणता, सामग्री कोणती, पद्धत कोणती, दावा कोणता. या उदाहरणात सारांश लिहितानाच परीक्षकाच्या ध्यानात येते की दावे दोन आहेत. पाऊस आणि आजार यांचा संबंध आहे, हा एक. तो संबंध खाटांच्या नियोजनासाठी वापरता येतो, हा दुसरा. टिपणांत हा फरक कुठेच नव्हता. सारांशाच्या शेवटी निबंधाची खरी जमेची बाजू नेमक्या शब्दांत सांगावी. चार भागांतील रुग्णालयांच्या नोंदी एकत्र आणणे हे कष्टाचे काम आहे आणि ते तसे नोंदवायला हवे.

यानंतर प्रत्येक टिपणाला एकच प्रश्न विचारायचा: हे खरे ठरले तर निष्कर्ष बदलेल का? बदलणार असेल तर ते मुख्य आक्षेपांत जाते, नाहीतर किरकोळ मुद्द्यांत. टिपण किती जोरात लिहिले होते, याचा इथे काही संबंध नाही.

‘त्याच दिवशी?? अशक्य’ हे टिपण सर्वांत वर येते. लेप्टोचे जंतू उंदरांच्या लघवीतून साचलेल्या पाण्यात येतात आणि त्वचेवरच्या जखमेतून शरीरात शिरतात. लक्षणे दिसायला सामान्यतः 5 ते 14 दिवस लागतात. कधी ती दोनच दिवसांत दिसतात, कधी महिनाही जातो. दाखल होईपर्यंत आणखी काही दिवस जातात. तेव्हा आज दाखल झालेल्या रुग्णांचा आजच्या पावसाशी कार्यकारणसंबंध असणे कठीण. मग संबंध दिसला तरी कसा? पावसाळ्यात पाऊस आणि ताप दोन्ही एकाच हंगामात वाढतात, त्यामुळे दोन्ही आलेख एकत्र चढतात. हे कारण लिहिले नाही तर लेखकांना आक्षेप कळतो, पण पटत नाही.

मुख्य आक्षेपात चार गोष्टी हव्यात: तो निबंधात कुठे आहे, काय खटकते, त्याने निष्कर्षाचे काय होते आणि काय केल्याने शंका फिटेल. अहवालातले वाक्य असे होईल: ‘पान 5 वर दाखल होण्याची तारीख आणि त्याच दिवसाचा पाऊस यांची तुलना केली आहे. आजाराचा अधिशयन काळ पाहता हा संबंध केवळ हंगामामुळे दिसत असण्याची शक्यता आहे. एक ते चार आठवडे आधीचा पाऊस घेऊन आणि हंगामाचा परिणाम वेगळा काढून विश्लेषण पुन्हा करावे. संबंध टिकला, तरी खाटांबाबतची शिफारस त्यानुसार बदलावी लागेल.’

दुसरा आक्षेप पावसाच्या मोजमापाचा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच काळात कुलाब्याला सुमारे 73. एकाच शहरात एवढी तफावत पडू शकते, तर सांताक्रूझचा आकडा मुलुंडला लावण्यासाठी काही आधार द्यावा लागेल. महापालिकेच्या विभागवार स्वयंचलित पर्जन्यमापकांच्या नोंदी वापराव्यात किंवा मर्यादा स्पष्ट सांगावी, असे दोन्ही मार्ग अहवालात सुचवता येतात. नवी सामग्री मिळणे लेखकांच्या हाती नसेल, तर पहिल्या मार्गाचा हट्ट धरणे अन्यायाचे होईल.

तिसरा आक्षेप निदानाचा. रक्तातील आयजीएम प्रतिपिंडे आजाराच्या पहिल्या काही दिवसांत सापडत नाहीत आणि नंतर ती महिनोन्‌महिने राहू शकतात. एकाच नमुन्यावर ठरवलेल्या रुग्णांना ‘संभाव्य’ म्हणावे. ‘निश्चित’ म्हणण्यासाठी काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांतली वाढ किंवा तशीच भक्कम चाचणी हवी. परीक्षकाला या चाचण्यांची पुरेशी माहिती नसेल, तर तसे संपादकाला कळवून या भागासाठी दुसरा जाणकार सुचवावा.

तक्ता 2 मधली चूक फसवी आहे. चार भागांची बेरीज 221 होते, खाली छापले आहे 212. मुलुंडचे 53 रुग्ण म्हणजे 25 टक्के असे निबंध म्हणतो. 221 ने भागले तर 24 येतात. म्हणजे हिशेब 212 वरच झाला आहे आणि ही नुसती छपाईची चूक नाही. तरी नऊ रुग्णांच्या फरकाने मुख्य निष्कर्ष हलत नाही, म्हणून हा मुद्दा किरकोळांतच, पण पहिल्या जागी. एका रुग्णालयातून दुसऱ्यात हलवलेले रुग्ण दोनदा मोजले गेले का, हेही विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर सगळीच संख्या पुन्हा तपासावी लागेल. आकृती 3 मधल्या एककाला एक ओळ पुरते. ‘इंग्रजी कच्चं’ या शेऱ्याचा कोणाला उपयोग नाही. ज्या दोन-तीन वाक्यांचा अर्थच लागत नाही, त्यांचे पान आणि ओळ द्यावी. लेखकांना साथरोग कळत नाहीत, हे टिपण सरळ वगळायचे, कारण त्यातले सांगण्याजोगे सगळे पहिल्या आक्षेपात आलेले आहे.

निबंध स्वीकारावा, दुरुस्तीसाठी पाठवावा की नाकारावा, ही शिफारस लेखकांसाठीच्या अहवालात लिहीत नाहीत. ती संपादकासाठीच्या वेगळ्या रकान्यात जाते. पण दोन्हींचा सूर जुळला पाहिजे. लेखकांना सौम्य शब्द आणि संपादकाला आडून ‘नाकारा’, असे झाले तर संपादकाला निर्णयाचे कारण लेखकांना दाखवता येत नाही.

प्रत्येक मुद्द्याला क्रमांक द्यावा. सुधारलेला निबंध परत येतो तेव्हा लेखकांची उत्तरे त्याच क्रमांकांनी येतात आणि परीक्षक ती आपल्या यादीशी ताडून पाहतो. या दुसऱ्या फेरीत नवे आक्षेप काढायचे ते नव्या विश्लेषणातून निघालेलेच. पहिल्या वाचनात निसटलेल्या बारीकसारीक गोष्टींसाठी लेखकांना पुन्हा थांबवू नये. निष्कर्षालाच धक्का देणारी चूक उशिरा लक्षात आली, तर मात्र ती आधी का मांडली गेली नाही, हे संपादकाला सांगून ती मांडावी.