संस्था नोंदवताय? आधी गणपूर्तीचा नियम वाचा

आज बोलूया संस्थेच्या नियमावलीबद्दल. नेटवरून उतरवलेली नियमावली नाव बदलून तशीच जोडायची, असं बरेच जण करतात. नोंदणी होऊनही जाते. अडचण येते ती पाच वर्षांनी.

समजा, गावात अभ्यासिका चालवायला सात मित्र संस्था काढतायत. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात हीच संस्था १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवतात. दोन्ही कामं धर्मादाय कार्यालयातच होतात, आणि दोन प्रमाणपत्रं मिळतात.

आता त्या उतरवलेल्या नियमावलीत लिहिलंय: कार्यकारी मंडळाची मुदत पाच वर्षं, आणि सर्वसाधारण सभेची गणपूर्ती दोन तृतीयांश. सात जण होते तेव्हा पाच जमले की भागायचं. पाच वर्षांत सभासद झाले २१. म्हणजे आता १४ जण हवेत. निम्मे पुण्या-मुंबईला नोकरीला. निवडणुकीच्या सभेला आले नऊ. त्यांनी एकमताने नवं मंडळ निवडलं तरी ती निवड नियमाप्रमाणे झालीच नाही.

का अडतं? मंडळ बदललं की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज द्यावा लागतो. त्याला सभेची नोटीस, ती सभासदांना पोचल्याचा पुरावा आणि ठराव जोडतात. हजेरीवर नऊच सह्या दिसल्या की अर्ज नामंजूर होऊ शकतो. मग धर्मादायच्या दप्तरात जुनीच नावं राहतात, आणि बँक नव्या लोकांच्या सह्या घ्यायला तयार होत नाही. बरं, नियम बदलावा म्हटलं तर त्यासाठीही सभा हवी, आणि तिला गणपूर्ती तीच जुनी!

म्हणून सुरुवातीलाच गणपूर्ती एक तृतीयांश ठेवा. २१ मध्ये सात जण पुरतात. खाली एक वाक्य जोडा: गणपूर्ती न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच जागी, त्याच विषयांवर घेतली जाईल आणि तिला गणपूर्तीची अट राहणार नाही. नोटीस किती दिवस आधी आणि कशी द्यायची, तेही लिहा. नोटिशीतही हे तहकुबीचं वाक्य टाकत जा.

कागद गोळा करताना प्रत्येकाचं आधार आणि पॅन शेजारी ठेवून नाव वाचा. एकीवर वडिलांचं नाव, दुसरीवर नाही. एकीवर माहेरचं आडनाव, दुसरीवर सासरचं, असं हमखास निघतं. अर्जात जे नाव जाईल तेच पुढे परिशिष्ट १ वर येतं, आणि बँक तेच जुळवून बघते. म्हणून कार्ड आधी दुरुस्त करा, मग संमतीपत्रावर सही घ्या. पत्त्यासाठी जागामालकाचं ना हरकत पत्र आणि वीजबिल लागेल. बिलावरचं नाव मालकाचंच आहे ना, तेही बघा.

नियमावली सही करण्याआधी सातही जणांनी एकदा मोठ्याने वाचा. भेटू पुढच्या भागात!