उदगीरचे कावळे आणि आपल्या परसातल्या कोंबड्या

आज आम्ही तुमच्याशी कावळ्यांबद्दल बोलणार आहोत. पितरांच्या पानाला शिवणारा कावळा आपण वर्षातून एकदा आठवतो, एरवी त्याच्याकडे बघतं कोण? पण जानेवारी २०२५ मध्ये आपल्या लातूर जिल्ह्यातल्या उदगीर शहरात लोकांनी कावळ्यांकडे बघितलं, म्हणून एक मोठा आजार वेळेत सापडला.

झालं असं, की संक्रांतीच्या आसपास उदगीरमध्ये ठिकठिकाणी कावळे मरून पडलेले दिसू लागले. एखादा कावळा मेला तर कुणी लक्ष देत नाही. पण थोड्याच दिवसांत मेलेल्या कावळ्यांची संख्या पन्नासच्या आसपास गेली आणि ही बातमी पशुसंवर्धन विभागापर्यंत पोचली. मेलेल्या पक्ष्यांचे नमुने आधी पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि तिथून भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत गेले. अशा घातक विषाणूंची खात्री करणारी आपल्या देशातली मोठी प्रयोगशाळा तीच. १८ जानेवारीला उत्तर आलं: बर्ड फ्लू, एच-५ एन-१ जातीचा. पहिली कुजबुज आणि पक्कं निदान यांत आठवडाही गेला नाही. लगेच दहा किलोमीटरचा परिसर सतर्कता क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्याच महिन्यात नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या किवळा गावात कोंबड्यांमध्ये हाच आजार सापडला.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. भारतात तो पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, २००६ साली. त्यानंतर तो जातो आणि पुन्हा येतो. २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात आला होता. का येतो तो परत परत?

या विषाणूचं मूळ घर म्हणजे रानबदकं आणि पाणपक्षी. त्यांच्या पोटात तो राहतो, विष्ठेतून पाण्यात उतरतो, आणि पुष्कळदा त्यांना स्वतःला काहीच होत नाही. हिवाळ्यात परदेशी पक्षी आपल्या तलावांवर, धरणांवर उतरतात. तिथून तो कोंबडीत शिरला, की तिचा जीव घेतो. पुढे त्याला फिरवण्याचं काम मात्र आपण माणसंच करतो. एकाच शेडात हजारो पक्षी दाटीनं ठेवले, की एका पक्ष्याचा रोग बघता बघता सगळ्यांना होतो. बाजारात वेगवेगळ्या गावच्या कोंबड्या एकाच पिंजऱ्यात बसतात. गाडीची चाकं, अंड्यांचे ट्रे, चपला, सगळ्यांना विष्ठा लागते. मेलेली कोंबडी आपण उकिरड्यावर टाकतो, ती कावळा नाहीतर कुत्रं ओढून नेतं. म्हणून कावळे मरायला लागले, की जवळपास कुठंतरी हा विषाणू आहे अशी शंका घ्यायची असते.

आता मुद्द्याची गोष्ट. आपल्या परसात दहा-पंधरा गावरान कोंबड्या असतात. त्यातल्या चार-सहा अचानक मेल्या, तर आपण म्हणतो, “मानमोडी आली, दरवर्षीच येते.” मानमोडी म्हणजे राणीखेत. तोही जीवघेणा आजार, पण माणसाला त्याचा फारसा धोका नाही. अडचण ही, की दोन्ही आजार वरून सारखेच दिसतात. मान वाकडी होणं, सुस्त बसणं, पातळ शेण, अंडी बंद होणं, हे दोन्हींत असतं. बर्ड फ्लूमध्ये बऱ्याचदा तुरा आणि गलोल निळे-काळे पडतात, डोकं सुजतं, पायांवर लाल डाग दिसतात. पण कित्येक कोंबड्या काहीच लक्षण न दाखवता एका रात्रीत मरतात. म्हणजे नुसतं बघून खात्री होत नाही. डॉक्टरांनासुद्धा होत नाही, नमुना तपासावाच लागतो.

म्हणून लक्षणांपेक्षा संख्या बघा. एक-दोन दिवसांत एकापाठोपाठ पक्षी मेले, किंवा लस दिलेल्या कोंबड्याही मेल्या, किंवा गावात कावळे, बगळे मरून पडले, तर ही नेहमीची मर समजू नका. कीटकनाशकानंही कावळे मरतात, हे खरं. पण ते आपण ठरवायचं नाही. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगायचं किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायचा. ग्रामपंचायतीलाही कळवा, असा रोग दिसला की कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नका, तपासणीसाठी नमुना डॉक्टरच घेतात. नमुना बर्फात ठेवून न्यावा लागतो, कारण कुजलेल्या पक्ष्यात विषाणू सापडणं कठीण होतं.

आम्हाला ठाऊक आहे, सांगायची भीती का वाटते. रोग निघाला, तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारतात. बाईच्या हातातला तेवढाच पैसा असतो. त्यामुळे पुष्कळजणी उरलेल्या कोंबड्या घाईनं विकून टाकतात. पण हिशोब नीट मांडा. सरकार भरपाई देतं ती त्यांनी मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नाही. दोन दिवस गप्प बसलं, तर तेवढ्या कोंबड्या भरपाईतून वजा झाल्या. आणि विकलेल्या कोंबडीबरोबर रोग दुसरीच्या अंगणात गेला.

माणसाचं काय? माणसाला हा आजार क्वचितच होतो, पण झाला तर गंभीर असतो. २०२१ मध्ये हरियाणातला अकरा वर्षांचा मुलगा यानं गेला. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशातली दोन वर्षांची मुलगी दगावली. तिनं कच्च्या कोंबडीचा तुकडा खाल्ल्याचं घरच्यांनी सांगितलं. तिचं निदान पुण्याच्या विषाणू संस्थेनं पक्कं केलं. आपण कोंबडी साफ करतो तेव्हा लहान लेकरं जवळच बसलेली असतात. त्यांना कच्च्या मांसाजवळ येऊ देऊ नका. विळी, पाट आणि हात साबणानं धुवा. या विषाणूचं बाहेरचं आवरण तेलकट असतं, ते साबणानं फुटतं. मांस आणि अंडी पुरती शिजली, की विषाणू मरतो. म्हणून नीट शिजवलेलं मटण-अंडं बंद करायचं कारण नाही.

एक वाक्य मात्र लक्षात ठेवा. मेलेल्या कोंबड्या हाताळल्यानंतर दहा दिवसांत घरात कुणाला ताप, खोकला, धाप लागली, तर डॉक्टरांना आपण होऊन सांगा, “आमच्याकडं कोंबड्या मेल्या होत्या.” तापाचा पेशंट बघणाऱ्या डॉक्टरला हे कुठून कळणार? साधी तपासणी हा विषाणू वेगळा काढून दाखवत नाही. तुमचं हे वाक्य ऐकलं, तरच योग्य नमुना पुण्याला जातो आणि औषध लवकर सुरू होतं. ते पहिल्या दोन दिवसांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं.

शास्त्रज्ञांना काळजी आहे ती पुढच्या गोष्टीची. हा विषाणू सतत बदलतो. एकाच शरीरात दोन जातींचे फ्लू एकत्र आले, तर त्यांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि माणसाकडून माणसाकडे सहज पसरणारी नवी जात तयार होऊ शकते. अशी जात पहिल्यांदा कुठं दिसेल, ते सांगता येत नाही. ती एखाद्या खुराड्यातही दिसू शकते. सकाळी खुराडं उघडणारी बाई प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी तिथं असते.

तर मैत्रिणींनो, उद्या खुराडं उघडाल तेव्हा कोंबड्या मोजा. कमी असल्या तर का, ते बघा, आणि मेलेली दिसली तर उकिरड्यावर टाकण्याआधी फोन करा. नमस्कार.