पाटीवरचा रंग

वार्निशच्या वासात निम्मे आयुष्य घालवलेल्या माझ्या रिवाइंडर बंधूंनो,

मला या खुर्चीवर बसवलेत, आभारी आहे. अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. तांब्याचे भाव, कारागिरांची टंचाई, हे सगळे अहवालात छापून तुमच्या हातात दिलेले आहे. मी बोलणार आहे ते मोटरच्या अंगावरच्या तळहाताएवढ्या पाटीबद्दल.

मागच्या महिन्यात एका गिरणीवाल्याने मोबाइलवर फोटो पाठवला. खाली लिहिले होते, ‘काका, मोटर पाच एचपीची, पण वीज जास्त खाते. जळणार का?’ फोटोत पाटीवर निळा रंग फासलेला. त्याला थिनरने पुसून पुन्हा फोटो काढायला लावला. तेव्हा आकडे दिसले: ३.७ किलोवॅट, ४१५ व्होल्ट, ७.४ अँपिअर, १४४० फेरे, कार्यक्षमता ८५ टक्के, पॉवर फॅक्टर ०.८२.

सकाळच्या सत्रात वाद झाला, की पाटीवरचे किलोवॅट मोटर घेते ते की देते ते? मी गिरणीवाल्याला जे सांगितले तेच इथे सांगतो. ३.७ किलोवॅट हे शाफ्टवर मिळणारे काम. ते द्यायला मोटरला ३.७ भागिले ०.८५, म्हणजे सुमारे ४.३५ किलोवॅट वीज घ्यावी लागते. मधले साडेसहाशे वॅट उष्णतेत जातात; पंखा आणि अंगावरच्या पाळ्या त्याचसाठी असतात. ४१५ला १.७३ने, मग ७.४ने आणि ०.८२ने गुणा, तोच ४.३५चा आकडा समोर येतो. पाटीच स्वतःचा हिशेब जुळवून दाखवते. मी त्याला पूर्ण लोडवर टाँगटेस्टर लावायला सांगितले. तिन्ही फेजमध्ये सात-सव्वासात अँपिअर निघाले. मोटर निरोगी होती. त्याने पाच एचपी म्हणजे तेवढीच वीज असे धरले होते.

दुसरा वाद वेगाचा. कोणी म्हणाले, १४४० म्हणजे मोटर सुस्त, १५०० पाहिजे. अहो, चार पोलच्या मोटरमध्ये ५० हर्ट्झवर चुंबकीय क्षेत्र मिनिटाला १५०० फेरे घेते. रोटर त्याच्या बरोबरीने फिरला, तर त्यात प्रवाहच निर्माण होणार नाही आणि जोरही मिळणार नाही. म्हणून तो मागे राहतो. १४४० हा पूर्ण लोडचा वेग. पट्टा काढा, टॅकोमीटर १४९०च्या पुढे जाईल. पण लोडवर तो १४०० दाखवू लागला, तर लोड जास्त आहे, व्होल्टेज पडले आहे किंवा रोटरच्या पट्ट्या तुटल्या आहेत. हे कळायला आधी पाटीवरचे १४४० वाचता यायला हवेत ना?

व्होल्टेजची गोष्ट मात्र माझ्या बदनामीची आहे. उमेदवारीत असताना एका परदेशी यंत्राची छोटी मोटर माझ्याकडे आली. पाटीवर २३०/४०० आणि त्यापुढे त्रिकोण व वाय अशा खुणा होत्या. मी मोठ्या मोटरींना रोज डेल्टा जोडत होतो, हिलाही तशाच लिंक पट्ट्या लावल्या. त्या पाटीचा अर्थ असा, की प्रत्येक कॉइल २३० व्होल्टची आहे. लाइन २३०ची असेल तर डेल्टा, ४००ची असेल तर स्टार. स्टारमध्ये आपल्या ४१५पैकी कॉइलच्या वाट्याला २४० येतात. मी तिला सगळे ४१५ पाजले. मोटर घोरल्यासारखी गुरगुरली आणि चहा येईपर्यंत धूर निघाला. उस्तादांनी शिवी दिली नाही. जळकी पाटी हातात ठेवली आणि म्हणाले, ‘वाच.’ मी वाचली. सगळे तिथेच लिहिलेले होते.

आता माझी तक्रार, आणि ती गिरणीवाल्याबद्दल नाही. त्या पाटीवर निळा रंग कोणी मारला? आपल्यापैकीच कोणीतरी. मोटर नवी दिसावी म्हणून आपण पाटीसकट स्प्रे मारतो, काही महाभाग ती उचकटून भंगारात टाकतात. त्याहून वाईट म्हणजे वेढे किंवा जोडणी बदलूनही जुनी पाटी तशीच ठेवतो. मग पाटी कारखान्याचे वचन सांगते आणि आत आपले काम असते. अशा मोटरचा फोटो कितीही स्वच्छ आला, तरी तो खोटेच बोलतो.

तेव्हा रिवाइंड केलेल्या प्रत्येक मोटरवर व्होल्टेज, जोडणी आणि तारीख ठोकलेली दुसरी छोटी पाटी लागावी, अशी माझी सूचना आहे. ती कोणी बनवायची, खर्च कोणी उचलायचा, हे कार्यकारिणीने ठरवावे. स्प्रे मारण्याआधी पाटीवर कागदी टेप चिकटवायला मात्र ठराव लागत नाही.