प्रोसिडिंग लिहिणाऱ्यालाही मत असतं
(शेवगाव येथील उन्हाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ग्रामसभेचं प्रोसिडिंग ग्रामसेवक लिहितो. त्याला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं, पण तोंडात जुनंच नाव बसलंय. सभेत कितीही रणधुमाळी माजली तरी ठरावाच्या बाजूने किंवा विरोधात उभं राहणं हे त्याचं काम नसतं. म्हणजे त्याचं काम सोपं असतं असं नाही, पण त्याची अडचण वेगळी. आज मी बोलणार आहे ते दुसऱ्या जातीच्या सचिवाबद्दल. सभेत ज्याला मत आहे, जो ते हिरिरीने मांडतो, आणि मग त्याच सभेचं इतिवृत्त लिहितो, असा सचिव.

गृहनिर्माण संस्थेत तो समितीवर निवडून आलेला सभासद असतो. आपल्याकडे त्याचं सगळ्यात घरचं उदाहरण म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचा मुख्याध्यापक. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या २१ व्या कलमाने या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात असं ठरवलं. आपल्या राज्यात मुख्याध्यापक या समितीचा पदसिद्ध सदस्य सचिव असतो. सदस्य म्हणून त्याने बोलायचं, सचिव म्हणून लिहायचं. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने करायच्या असल्या की इतिवृत्त कुठे वाकतं, एवढंच आज बघू.

त्यासाठी एक सभा डोळ्यांपुढे आणू. सभा कल्पित आहे, पण विषय आपल्याकडचाच आहे. बोधेगावच्या बाजूची, पाथर्डीच्या हद्दीकडची एखादी जिल्हा परिषद शाळा घ्या. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर निघतात आणि वर्गातली पोरं आईबापाबरोबर कोप्यांवर जातात. ती गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. मूल आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहतं, दोन वेळचं जेवण शाळेकडून मिळतं, आणि व्यवस्था शाळा व्यवस्थापन समिती बघते. मुख्याध्यापकांना हे वसतिगृह हवंच आहे. दोन पालकांचा विरोध आहे. एकाचं म्हणणं, अनुदान उशिरा येतं, तोवर किराणा उधारीवर कोण आणणार? दुसऱ्या सदस्य आहेत एका मुलीच्या आई. त्या म्हणतात, म्हातारीच्या भरवशावर वयात येणारी पोरगी ठेवायची, रात्री काही झालं तर जबाबदार कोण? शेवटी मतं घेतली जातात. अकरा हजर, सहा बाजूने, तीन विरोधात, दोन तटस्थ.

आता या सभेचं प्रोसिडिंग नेहमीच्या हाताने लिहिलं तर कसं उतरतं, ते ऐका.

‘विषय क्र. ३ : हंगामी वसतिगृह सुरू करणे. मुख्याध्यापकांनी स्थलांतरामुळे होणारे विद्यार्थ्यांचे नुकसान सदस्यांच्या निदर्शनास आणून दिले व योजनेचे महत्त्व पटवून दिले. काही सदस्यांनी शंका उपस्थित केल्या. त्यांचे निरसन करण्यात आले. चर्चेअंती वसतिगृह सुरू करावे असे मत व्यक्त झाले व ठराव सर्वानुमते मंजूर करण्यात आला.’

यात ‘सर्वानुमते’ हे सरळ खोटं आहे. ते सवयीने लिहिलं जातं आणि ते सगळ्यांना दिसतं, म्हणून ते पकडणं सोपं. बाकीचं मात्र खोटं म्हणून पकडता येत नाही. मुख्याध्यापकांनी ‘निदर्शनास आणून दिलं’, म्हणजे ती वस्तुस्थितीच होती. ‘पटवून दिलं’, म्हणजे ऐकणाऱ्याला पटलं. दुसऱ्यांनी फक्त ‘शंका उपस्थित केल्या’, आणि शंका म्हटली की ती फेडली जाणारच. त्या बाईंनी शंका विचारलीच नव्हती, त्यांनी विरोध केला होता. आणि निरसन झालं असतं तर तीन मतं विरोधात का पडली? ‘सर्वानुमते’ सोडलं तर सचिवाने एकही आकडा बदललेला नाही. क्रियापदं वाटताना चांगली स्वतःकडे ठेवली, इतकंच.

त्याहून वाईट आहे ‘मत व्यक्त झाले’. कोणाचं मत? हे वाक्य लिहिणाऱ्याचंच मत असतं आणि ते सभेच्या नावावर जमा होतं. उद्या कोणी चौकशीला आला तर त्याला वाटेल, अख्ख्या समितीचा हा सूर होता. मत मांडणारा सचिव सगळ्यात जास्त लपतो तो याच वाक्याच्या आड. म्हणून माझा आग्रह असा, की ज्या विषयावर सचिव स्वतः बोलला असेल त्या विषयाच्या नोंदीत कर्ता नसलेलं एकही वाक्य ठेवू नये. एक तर माणूस म्हणाला, नाहीतर समितीने ठरवलं. तिसरं काही नाही.

मग आपलं बोलणं लिहायचं कसं? काही जण म्हणतात, लिहूच नये. हेन्री रॉबर्ट या अमेरिकन लष्करी अभियंत्याने १८७६ साली सभांच्या नियमांचं जे पुस्तक काढलं, त्याचाही दंडक असाच आहे : सभेने काय केलं ते लिहा, कोण काय बोललं ते लिहू नका. मोठ्या सभेला तो ठीक आहे. पण आपल्या समित्यांमध्ये विरोधकाचं कारण लिहिलेलं असणं हीच पुष्कळदा त्याची एकमेव ढाल असते. किराणा दुकानदाराची उधारी अंगावर आली तर ‘मी तेव्हाच म्हटलं होतं’ याला पुरावा तो काय? आणि विरोधकाचं कारण लिहून स्वतःचं गाळलं, तर वाचणाऱ्याला कळतच नाही की ठराव कोणाच्या बोलण्यावर तरला. स्वतःला गाळणारा सचिव नम्र दिसतो खरा, पण तो जबाबदारीतून सुटलेला असतो.

तेव्हा लिहायचं, पण मुख्याध्यापक दोन टोप्या घालून बोलतात हे लक्षात ठेवून. योजनेचं परिपत्रक काय सांगतं, गेल्या हंगामात किती मुलं गेली, ही माहिती. ती ‘सचिवांनी माहिती दिली’ म्हणून एका वाक्यात. वसतिगृह सुरू करावं, हे मत. ते ‘मुख्याध्यापकांनी मत मांडले’ म्हणून दुसऱ्या वाक्यात. ही दोन वाक्यं एकत्र गुंफली की मताला परिपत्रकाचं वजन येतं. पालकांना वाटतं, शासनाचंच तसं म्हणणं आहे, मग विरोध काय करायचा?

आता तीच नोंद पुन्हा लिहू.

‘विषय क्र. ३ : हंगामी वसतिगृह सुरू करावे किंवा कसे, याचा विचार करणे. सचिवांनी योजनेच्या परिपत्रकातील अटी वाचून दाखवल्या. एका पालक सदस्याने मत मांडले की, अनुदान येईपर्यंत किराण्याचा खर्च कोण करणार हे ठरल्याशिवाय वसतिगृह सुरू करू नये. एका महिला सदस्याने मत मांडले की, मुलींच्या रात्रीच्या सुरक्षिततेची जबाबदारी निश्चित नसल्याने त्यांचा विरोध आहे. मुख्याध्यापकांनी मत मांडले की, मुले गावात राहिली तरच त्यांचे शिक्षण चालू राहील, म्हणून वसतिगृह सुरू करावे. पहिल्या दोन महिन्यांचा किराणा उधारीवर देण्यास एक दुकानदार तयार असल्याचे त्यांनी सांगितले. मुलींच्या रात्रीच्या सुरक्षिततेबाबत समितीने निर्णय घेतला नाही. समितीने ठराव ६ विरुद्ध ३ मतांनी मंजूर केला, २ तटस्थ.’

प्रत्यक्ष वहीत सदस्यांची नावं येतील. मी इथे मुद्दाम घेतली नाहीत.

यात विषयाचं नावही बदललं, हे तुमच्या लक्षात आलं असेल. ‘सुरू करणे’ असं विषयपत्रिकेवर छापलं की सभा सुरू होण्याआधीच निकाल लागतो, आणि विषयपत्रिकेचा मसुदा बहुधा सचिवच करतो. दुसरं, सगळ्यांना एकच क्रियापद दिलं. तिसरं, जिंकलेल्या बाजूचं मत शेवटी आलं ते सभेत त्या क्रमाने आलं म्हणून. सभेत आधी बोलला असेल तर सचिवाने स्वतःला आधीच लिहावं, सोयीने खाली सरकवू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ‘निर्णय घेतला नाही’ हे. आपल्या बाजूची उणीव आपल्याच हाताने लिहिणं हीच इथे कसोटी आहे.

एक हाताशी असलेली युक्ती सांगतो. बोलताना लिहिता येत नाही. त्या वेळी कच्ची टिपणं शिक्षक-सदस्याकडे द्यावीत आणि आपल्या बोलण्याचं टिपण त्यानेच करावं. मुख्याध्यापक स्वतः लिहायला बसले तर काय होतं? रात्री घरी निवांतपणे प्रोसिडिंग लिहिताना सभेत न सुचलेला मुद्दा सुचतो. तो फार चांगला असतो, आणि ‘मला म्हणायचं तेच होतं’ असं मनापासून वाटतं. तो आत जातो. समोरच्याला मात्र रात्री सुचलेलं उत्तर वहीत घालता येत नाही, कारण वही त्याच्या घरी नसते.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण जेम्स मॅडिसन यांचं. १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती, सभा बंद दाराआड होती. सभेचे अधिकृत सचिव विल्यम जॅक्सन हे सभासद नव्हते, आणि त्यांच्या दप्तरात मुख्यतः प्रस्ताव आणि मतं आहेत. व्हर्जिनियाचे प्रतिनिधी मॅडिसन वादात हिरिरीने उतरत होते, आणि तेच पुढे बसून रोज सविस्तर टिपणं घेत होते. त्यांच्या निधनानंतर १८४० साली ती छापली गेली, आणि त्या सभेत कोण काय बोललं हे जगाला मुख्यतः त्यांच्याच हातून कळतं. मेरी सारा बिल्डर या इतिहासकार बाईंनी २०१५ च्या आपल्या पुस्तकात मूळ कागद तपासून दाखवलं, की मॅडिसन पुढे कित्येक वर्षं त्या टिपणांवर हात फिरवत राहिले आणि स्वतःच्या काही भाषणांची पानं त्यांनी नंतर बदलली. माणूस खोटारडा नव्हता. दुरुस्त करायची संधी हातात होती, आणि समोर हटकणारं कोणी नव्हतं.

आपल्याकडे हटकणारे असतात, ही आपली जमेची बाजू. म्हणून ठरावाचे शब्द मतं घेण्याआधी मोठ्याने वाचावेत. नोंद त्याच बैठकीत पूर्ण करावी, मजकूर आणि सह्या यांच्यामध्ये कोरी जागा ठेवू नये, चुकलेला शब्द एका रेघेने खोडून बाजूला आद्याक्षरी करावी. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना सचिवाला स्वतःच्या बोलण्यात दुरुस्ती हवी असेल, तर ती त्या नव्या सभेच्या नोंदीत यावी. जुनं पान तसंच राहू द्यावं.

हे सगळं पाळूनही एक जागा उरते. वसतिगृहाच्या किराण्याच्या हिशोबावर तक्रार आली, आणि हिशोब मुख्याध्यापकांनीच ठेवला आहे, तर त्या विषयापुरतं त्यांनी लिहूच नये. अध्यक्षांनी दुसऱ्या सदस्याला लिहायला सांगावं, आणि ‘या विषयाचे लेखन अमुक सदस्यांनी केले’ हे वाक्य वहीत यावं. तिथे कितीही प्रामाणिक नोंद लिहिली तरी ती कोणी मानणार नाही, आणि मानूही नये.

आता समोर बसलेल्या पालक सदस्यांना एक विनंती. पुष्कळ गावांत प्रोसिडिंगची वही सहीसाठी घरोघर फिरते आणि चुलीपुढून उठून, हात पुसून, आपण सही करतो. पुढच्या वेळी वही आली की आधी तुमच्या विषयाची नोंद वाचून घ्या, वाचता येत नसेल तर पोराकडून वाचून घ्या. तुम्ही विरोध केला होता आणि तिथे ‘शंका’ लिहिली असेल, तर सही करू नका, वही परत पाठवा.