एटीएममधून क्रेडिट कार्डवर पैसे काढले, तर नेमकं काय होतं?

आजचा विषय एका व्हॉट्सअॅप मेसेजवरून सुचला. धुळ्याच्या एका मित्राने मला त्याच्या क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट पाठवला आणि खाली अहिराणीत लिहिलं, "भो, पैसा तं भरी टाकात, मंग हाई काय शे?" मागच्या महिन्याचं बिल त्याने पै न् पै भरलं होतं, तरी नव्या स्टेटमेंटमध्ये 257 रुपये 98 पैसे लागून आले होते. हे 257 रुपये कुठून आले, तेच आज उलगडून बघू. त्यात सगळा विषय येतो.

घडलं असं. 3 नोव्हेंबरला त्याच्या वडिलांना दवाखान्यात ॲडमिट केलं. काउंटरवर सांगितलं की डिपॉझिट रोखच लागेल, मशीन बंद आहे. खात्यात तेवढे पैसे नव्हते, म्हणून समोरच्या एटीएममध्ये क्रेडिट कार्ड टाकून त्याने 10,000 रुपये काढले. दुसऱ्या दिवशी मेडिकलमध्ये तेच कार्ड स्वाइप करून 4,200 रुपयांची औषधं घेतली. कार्ड एकच, पिनही एकच. पण बँकेच्या लेखी हे दोन पूर्ण वेगळे व्यवहार आहेत.

इथे माझ्यातला इंजिनिअर थोडा बोलणार, सहन करा. कार्ड वापरलं की मशीनकडून बँकेकडे एक मेसेज जातो. त्याचा साचा ISO 8583 या स्टँडर्डचा असतो. त्यात व्यवहाराच्या प्रकाराचा एक कोड असतो. त्याचे पहिले दोन अंक `00` असतील तर खरेदी, `01` असतील तर रोख काढणं. पैसे कशासाठी हवेत, घरात कोण आजारी आहे, हे त्या मेसेजमध्ये कुठेच नसतं. जळगावच्या सराफ बाजारात तुम्ही कार्डावर पन्नास हजारांची चेन घेतली तरी ती खरेदीच. आणि दवाखान्याच्या डिपॉझिटसाठी काढलेले दहा हजार म्हणजे कॅश ॲडव्हान्स.

आता मित्राचं पहिलं स्टेटमेंट बघा. बिल दर महिन्याच्या 18 तारखेला निघतं, भरायची शेवटची तारीख 7.

```
03 NOV  ATM CASH            10,000.00
03 NOV  CASH ADVANCE FEE       500.00
04 NOV  MEDICAL STORE        4,200.00
18 NOV  FINANCE CHARGES        172.60
18 NOV  GST                    121.07
TOTAL AMOUNT DUE            14,993.67
```

प्रत्येक बँकेत या ओळींची नावं थोडी वेगळी असतात, पण ढाचा हाच. औषधांची एकच ओळ आहे, तिच्यामागे काहीच लागलेलं नाही. रोख रकमेच्या मागे मात्र फी, व्याज आणि जीएसटी अशी रांगच लागली आहे.

आधी फी बघू. त्याच्या बँकेचा नियम आहे रकमेच्या 2.5 टक्के, पण कमीत कमी 500 रुपये. बऱ्याच बँकांचं साधारण असंच असतं. दहा हजारांचे अडीच टक्के 250 होतात, पण किमान फी 500, म्हणून 500 लागले. त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 90. म्हणजे एटीएममधून नोटा बाहेर येतानाच 590 रुपये गेले. गंमत अशी की या दरात 20,000 पर्यंत कितीही काढा, फी तीच. कोणी फक्त 2,000 काढले तरी 590 जाणार, म्हणजे जवळपास तीस टक्के! छोट्या रकमेला हा व्यवहार सगळ्यात महाग पडतो, आणि लोक नेमकं "दोनच हजार तर काढायचेत" म्हणून काढतात.

आता व्याज. खरेदीला बिनव्याजी मुदत मिळते. मागचं बिल पूर्ण भरलेलं असेल आणि हेही मुदतीत पूर्ण भरलं, तर 4 नोव्हेंबरची औषधं 7 डिसेंबरपर्यंत फुकट उधार. कॅश ॲडव्हान्सला ही मुदत नसतेच. पैसे काढले त्या दिवसापासून मीटर चालू, आणि तुम्ही भराल त्या दिवशीच बंद. दर होता महिन्याला 3.5 टक्के, म्हणजे वर्षाला 42. त्याच्या बँकेने व्याज फक्त मूळ दहा हजारांवर धरलं होतं, म्हणून हिशोब सोपा आहे:

```
10000 × 0.42 × 15 / 365 = 172.60
```

3 ते 18 नोव्हेंबरचे 15 दिवस. जीएसटी व्याजावरही लागतो, तो 31.07. फीवरचे 90 मिळवले की स्टेटमेंटमधले 121.07 जुळतात.

आता येऊ त्या 257 रुपयांकडे. स्टेटमेंट 18 तारखेला छापलं गेलं, म्हणजे त्यात 18 पर्यंतचंच व्याज आहे. पण पैसे अजून बँकेला परत मिळालेले नाहीत, मीटर चालूच. मित्राने शेवटच्या दिवशी, 7 डिसेंबरला, पूर्ण 14,993.67 भरले. मधल्या 19 दिवसांचं व्याज 218.63, त्यावर जीएसटी 39.35. बेरीज 257.98. हेच पुढच्या स्टेटमेंटमध्ये आलं. बँकेची चूक नाही आणि लेट फीही नाही. "टोटल ड्यू भरला म्हणजे विषय संपला" हे खरेदीसाठी खरं आहे, रोखीसाठी नाही.

एकूण हिशोब: 34 दिवसांसाठी घेतलेल्या दहा हजारांवर 1,051 रुपये 65 पैसे गेले. त्याने बिलाची वाट न बघता पाच दिवसांत, 8 नोव्हेंबरला, दहा हजार कार्डात भरले असते, तर व्याज जीएसटीसकट 68 रुपयांच्या आसपास थांबलं असतं. फीचे 590 मात्र तरीही गेलेच असते, ते परत येत नाहीत. एक खबरदारी: कार्डावर आधीची इतर बाकी असेल, तर तुम्ही भरलेले पैसे आधी कशात जमा होतात याचा क्रम बँकेने अटींमध्ये दिलेला असतो. तो वाचून मगच "रोखीचे पैसे भरले" असं समजा. आणि नुसता मिनिमम ड्यू भरला तर खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, मग औषधांवरही व्याज सुरू.

रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेलं असेल, तर दुकानाचा क्यूआर स्कॅन केला की ती खरेदीच धरली जाते. मित्राच्या नंबरवर पैसे पाठवायला किंवा दुकानदाराकडून रोख घ्यायला तिथे परवानगीच नाही. त्यामुळे काउंटरवाला "मशीन बंद" म्हणाला, तर आधी विचारा, "दादा, क्यूआर चालेल का?" त्या एका प्रश्नाने इथे हजार रुपये वाचू शकले असते.

शेवटी, तुमच्या बँकेचं ॲप उघडा. स्टेटमेंटमध्ये किंवा कार्डाच्या पानावर `Available Cash Limit` असं दिसेल. एकूण लिमिटपैकी किती रक्कम रोख काढता येते, ते तिथे कळतं. ते "आपले पैसे" समजू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमामुळे ॲपमध्ये एटीएम, स्वाइप आणि ऑनलाइन वापर वेगवेगळा चालू-बंद करता येतो. घरात कार्ड दोघं-तिघं वापरत असतील, तर क्रेडिट कार्डाचं एटीएमचं बटण आजच बंद करून ठेवा. खरंच गरज पडली, तर ते परत चालू करायला मिनिटभरही लागत नाही.