अकोल्याचा ठिय्या

डिसेंबर २०१७. बोंडअळीनं कपाशी फस्त केलेली, सोयाबीनला भाव नाही. अकोल्यात शेतकरी जागर मंचाची कासोधा परिषद झाली. लगोलग माजी केंद्रीय अर्थमंत्री यशवंत सिन्हा शेतकऱ्यांसह रस्त्यावर उतरले. पोलिसांनी ताब्यात घेतलं, तर त्यांनी पोलीस मुख्यालयाच्या मैदानावरच ठाण मांडलं.

बोंडअळी तर साऱ्या वऱ्हाडात होती; मग देशाचं लक्ष अकोल्याकडेच का? मॅकार्थी आणि झाल्ड हे अमेरिकी अभ्यासक सांगत, की नाराजी सगळीकडे असते, पण आंदोलन उभं राहतं ते संघटना, पैसा आणि ओळखी या साधनांच्या बळावर. इथे गावागावांतले कार्यकर्ते होते आणि दिल्लीत वजन असलेला नेता होता. मागण्या मान्य झाल्या, ६ डिसेंबरला ठिय्या उठला.

तुरेन, मेलुची हे युरोपीय अभ्यासक मात्र विचारतात, लोक स्वतःला कोण समजू लागले? भाव आणि भरपाईच्या लढ्यात हा प्रश्न फार पुढे नेत नाही. शरद जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’त नेतो: तिथे शेतकऱ्यानं सरकारकडे काही मागितलं नाही, आपलीच जमीन बायकोच्या नावे केली. त्याचा हिशेब साधनांच्या यादीत बसत नाही.